शेवटचं प्रकरण परत लिहून पाठवतेय

अगं मयूरी, वाचलं तुझ्या शेततळ्यांवरच्या प्रबंधाचं सहावं प्रकरण. सरांनी लाल पेनानं नुसतं "मग काय?" लिहिलंय म्हणून रडू नकोस, मलाही तेच वाटलं. तुझा पहिला पॅरा बघ: "पहिल्या प्रकरणात विषयाची ओळख करून दिली. दुसऱ्या प्रकरणात संशोधन साहित्याचा आढावा घेतला. तिसऱ्या प्रकरणात संशोधन पद्धती मांडली..." आणि हे असंच पाच पानं चाललंय, म्हणजे अनुक्रमणिकाच क्रियापदं लावून परत छापलीय. जालन्यातली तीन गावं दोन वर्षं पायाखाली घातलीस आणि तिथं काय सापडलं ते चौथ्या प्रकरणातल्या तक्ता ४.७ च्या खाली एका ओळीत पडलंय!

मी तुझ्याच तक्त्यांवरून परत लिहिलंय, बाहेरचा एकही आकडा घातलेला नाही. बोलीतच आहे, भाषा तू नीट कर.

प्रकरण ६: निष्कर्ष

शेततळं पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवतं, असं धरून २०१६ मध्ये "मागेल त्याला शेततळे" योजना आली. या अभ्यासातल्या तीन गावांत तसं घडलेलं दिसत नाही. पाहिलेल्या ४१ तळ्यांपैकी ३३ तळी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरली जातात, ५ फक्त वाहत्या पाण्यावर भरतात आणि ३ दोन्हीवर. म्हणजे इथलं तळं पाणी अडवायला कमी आणि जमिनीखालचं पाणी वर काढून प्लॅस्टिकच्या अस्तरात साठवायला जास्त वापरलं जातं.

दुसरी गोष्ट वेळेची. ३३ पैकी २७ तळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरली गेली, विहिरी तुडुंब असतात तेव्हा. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं, उतार एकास एक धरला तर साधारण २२ लाख लिटर पाणी घेतं. एवढं पाणी हिवाळ्याआधीच आपल्या नावावर करून ठेवता येतं, आणि ते कोणाला जमतं हे मोसंबीची बाग कोणाकडे आहे त्यावर ठरतं. ४१ पैकी ३६ तळी बागायतदारांची आहेत. २०१८ च्या दुष्काळात या बागा वाचल्या, हेही तितकंच खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही.

तिसरा निष्कर्ष जरा जपून मांडायचा आहे. तळ्यांची गर्दी असलेल्या भागातल्या ९ विहिरी बाकीच्या ९ विहिरींपेक्षा लवकर आटल्या. पण तळ्यांमुळेच आटल्या असं या माहितीवरून म्हणता येत नाही, कारण तळी मुळात ऊस आणि मोसंबी जिथं आधीपासून होती तिथंच झाली.

या अभ्यासाच्या मर्यादा अशा. विहीर कधी आटली हे शेतकऱ्यांच्या आठवणीवरून घेतलंय, प्रत्यक्ष मोजलेलं नाही. दोनच वर्षं पाहिली आणि त्यातलं एक दुष्काळाचं. मुलाखती सातबाऱ्यावर नाव असलेल्यांच्या झाल्या, त्यामुळे ६२ पैकी बाया फक्त ४, आणि पाणी भरणं, बाग राखणं, टँकरची वाट बघणं यातलं बरंच काम त्यांचंच असताना त्यांचं म्हणणं इथं जवळपास नाही. भूमिहीन कुटुंबं तर अजिबातच सुटली. त्यामुळे हे निष्कर्ष या तीन गावांपुरते आहेत, मराठवाड्याचे नाहीत.

पुढं काय करता येईल: याच १८ विहिरींची पातळी महिन्यातून एकदा टेपनं मोजून किमान तीन पावसाळे नोंदवणं, आणि काही पंपांना मीटर बसवून तळ्यात नेमकं किती पाणी चढतं ते बघणं. बाष्पीभवनात किती जातं हे मोजायचं काम यात धरलंच पाहिजे. अनुदान देताना तळं कशावर भरणार हे विचारून त्याची नोंद ठेवली, तरी पुढच्या अभ्यासकाला आजच्यापेक्षा बरी माहिती मिळेल.

—

बाष्पीभवन मी निष्कर्षातून उचलून पुढच्या कामात टाकलंय. तू "मोठ्या प्रमाणावर पाणी उडून जाते" असं ठोकून दिलं होतंस पण मोजलेलं कुठं आहे? व्हायवात पहिला प्रश्न तोच आला असता. आणि "सदर संशोधन धोरणकर्त्यांना मार्गदर्शक ठरेल" हे वाक्य काढलंय, चिडू नको. मर्यादा लिहिताना तुला भीती वाटते ना, की मार्क जातील म्हणून? उलट तिसरा निष्कर्ष त्या मर्यादांमुळेच टिकतोय.

सोमवारी सरांना द्यायच्या आधी परिशिष्टातला विहिरींचा तक्ता उघड, ११ नंबरच्या विहिरीची आटल्याची तारीख दोन ठिकाणी वेगळी दिसतेय. तीच जर चुकली असेल तर ९ विरुद्ध ९ ची तुलना परत करावी लागेल.