मयूर कॉलनीतील फ्लॅट भाड्याने मिळण्याबाबत

पुणे, 9 मे 2025

आदरणीय जोशी काका,
सप्रेम नमस्कार.

रविवारी तुमच्या वहिनींनी मयूर कॉलनीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. आम्हा सगळ्यांना तो मनापासून आवडला. तुम्ही नाशिकला असल्याने भेट झाली नाही, म्हणून आमची माहिती लिहून पाठवतो आहे. कागदपत्रं सोबत जोडली आहेत.

घरात आम्ही चौघं: मी, पत्नी स्नेहल, चौथीत जाणारी मुलगी आणि आई. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पहिला मजला आम्हाला फार सोयीचा आहे.

मी चाकणच्या एका वाहन-सुटे भाग कारखान्यात सात वर्षं क्वालिटी विभागात कायम नोकरीत आहे. कंपनीची बस कर्वे पुतळ्यापाशी मिळते. पगार हातात 62,000 रुपये येतो. स्नेहल एरंडवण्यातल्या खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे, तिचे 34,000. म्हणजे महिन्याला 96,000 रुपये, आणि तुमचं भाडं 26,000. हप्ता फक्त दुचाकीचा, 3,200 रुपयांचा, तोही डिसेंबरमध्ये संपतो. दोघांच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, माझा फॉर्म 16 आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पाहिलंत की हे आकडे पडताळता येतील. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत भाडं गेलेलं दिसेल. तुमचंही तसंच थेट खात्यात जमा करीन.

सध्या आम्ही कर्वेनगरला चार वर्षं राहतो आहोत. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, घर त्याला हवंय, म्हणून जूनअखेर सोडतो आहोत. आमच्याबद्दल त्यांनाच विचारलंत तर मला सगळ्यात बरं वाटेल. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात पाणी गळलं तेव्हा आधी त्यांना फोन करून, त्यांच्याच प्लंबरकडून आम्ही काम करून घेतलं होतं. घर दुसऱ्याचं असलं तरी राहणाऱ्याने ते जपायला हवं, असं मी मानतो. त्यांचं, तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं आणि माझ्या विभागप्रमुखांचं नाव व नंबर त्यांच्या परवानगीने वेगळ्या कागदावर दिले आहेत. कारखान्यात फोन नेता येत नाही, त्यामुळे विभागप्रमुखांना संध्याकाळी सहानंतर फोन करावा.

एक लाख रुपये डिपॉझिट तयार आहे. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करू. नोंदणीचा आणि मुद्रांकाचा निम्मा खर्च मी देईन. पोलीस पडताळणीसाठी आधार व फोटोही जोडले आहेत. भिंतीला खिळा ठोकायचा झाला तरी आधी तुम्हाला विचारीन. जमल्यास दोन-तीन वर्षं तरी इथेच राहावं अशी आमची इच्छा आहे, कारण मुलीची शाळा चालत दहा मिनिटांवर आहे.

1 जुलैपासून राहायला येता येईल. तुम्ही म्हणाल त्या शनिवारी नाशिकला येऊन भेटेन, किंवा व्हिडिओ कॉलवर बोलू.

आपला नम्र,
महेश पाटील