दहावीनंतर पुढे काय: ऑनलाइन कार्यशाळेची सुरुवात

नमस्कार मंडळी, आवाज येतोय ना सगळ्यांना? येत असेल तर चॅटमध्ये नुसतं 'हो' टाका आणि पुढे आपल्या गावाचं नाव लिहा.

(चॅटमधली चार-पाच गावं वाचायची, तोपर्यंत बाकीचे जॉइन होतील)

मुलांनो, रविवारी सकाळी 11 वाजता तुम्ही आईबाबांना घेऊन बसलात, खूप बरं वाटलं. मी पॉलिटेक्निकला शिकवते, आणि दरवर्षी ॲडमिशनच्या वेळी असं कोणीतरी भेटतंच ज्याला डिप्लोमाला यायचं होतं पण फॉर्मची तारीख गेल्यावर कळलं, म्हणून हा दीड तास ठेवलाय. आज अकरावी, डिप्लोमा आणि आयटीआय या तिन्हींवर बोलू. आयटीआय म्हणजे कमी मार्कवाल्यांसाठी असं प्लीज मनातून काढून टाका, वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा, आणि तिथून पुढे डिप्लोमालाही जाता येतं. डिप्लोमा तीन वर्षांचा, ॲडमिशन दहावीच्या मार्कांवर, सीईटी नाही, आणि नंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, हे अजूनही कित्येक घरांत माहीत नसतं.

आता थोडे नियम. माइक सगळ्यांनी म्यूटवर ठेवा, घरात कुकर आहे, टीव्ही आहे, चालायचंच, पण एकाचा माइक चालू राहिला की कोणालाच नीट ऐकू येत नाही. कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल, नेट वाचेल. मध्येच बाहेर फेकले गेलात तर घाबरू नका, त्याच लिंकवरून परत या, रेकॉर्डिंग चालू आहे आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकतो. प्रश्न चॅटमध्ये लिहा, शेवटचा अर्धा तास फक्त प्रश्नांचा, बोलून विचारायचं असेल तर तेव्हा हात वर करायचं बटण दाबा. आणि हे नीट ऐका, चॅटमध्ये मोबाईल नंबर, आधार नंबर, सीट नंबर काहीही टाकायचं नाही, आपली टीम कोणाकडेही ओटीपी किंवा पैसे मागणार नाही, कोणी पर्सनल मेसेज करून मागितले तर लगेच मला सांगा.

चला, पहिला पोल. स्क्रीनवर प्रश्न येईल, मोबाईलवर थोडा उशिरा येतो, तेव्हा थांबा.

(पोल सुरू करायचा)

दहावीनंतर तुम्हाला स्वतःला काय करावंसं वाटतंय?
1. अकरावी सायन्स
2. अकरावी कॉमर्स किंवा आर्ट्स
3. डिप्लोमा
4. आयटीआय
5. अजून काही ठरलं नाहीये

पालकांना हात जोडून एकच विनंती, फोन मुलांच्या हातात द्या आणि बटण त्यांनाच दाबू द्या, तुमच्या मनातलं आपण दुसऱ्या पोलमध्ये विचारणार आहोत. नाव कोणाचंच दिसणार नाही, त्यामुळे मुलांनो, मनात आहे तेच दाबा, पाचवा पर्याय दाबायलाही लाजू नका, तो खरंच मोजायचाय आम्हाला. एक मिनिट देते. ज्याला सगळ्यात जास्त मतं पडतील त्यापासूनच सर बोलायला सुरुवात करतील.