लिपिक पदाचा राजीनामा

दिनांक : 1 जून 2026

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
नागरी सहकारी पतसंस्था,
शाखा बार्शी, जि. सोलापूर.

विषय : राज्यसेवा परीक्षेच्या पूर्णवेळ अभ्यासासाठी लिपिक पदाचा राजीनामा देण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या शाखेत 3 जून 2019 पासून लिपिक म्हणून काम करत आहे. या पदाचा राजीनामा मी या अर्जाद्वारे सादर करत आहे. नेमणूक पत्रातील अटीप्रमाणे एक महिन्याची पूर्वसूचना देत असून मंगळवार, दि. 30 जून 2026 रोजी कामकाजाची वेळ संपल्यावर मला कार्यमुक्त करावे, ही विनंती.

साहेब, कारण आपल्याला थोडेफार ठाऊक आहेच, तरी ते लेखी सांगणे मला योग्य वाटते. आजवर मी नोकरी सांभाळून राज्यसेवेचा अभ्यास केला. सकाळी दोन तास आणि रात्री जेवणानंतर जमेल तेवढे वाचायचो. पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेला ते कसेबसे पुरत होते. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. एकूण नऊ पेपर आहेत. मराठी आणि इंग्रजीचे पेपर पात्रतेपुरते असले, तरी उरलेले सात प्रत्येकी 250 गुणांचे आहेत. वाचन रात्री होते. पण रोख जुळवून घरी गेल्यावर तीन तास बसून उत्तरे लिहिणे माझ्याने होत नाही. गेले सहा महिने मनापासून प्रयत्न केला. पेपरच्या दुसऱ्या तासातच हात आणि डोके दोन्ही थकतात. ही सवय दिवसा, रोज लिहूनच लागणार आहे. माझे वय 30 आहे. वयोमर्यादेला अवकाश असला, तरी घरची घडी पाहता पूर्णवेळ द्यायची दोन वर्षे हीच आहेत. वडिलांशी बोलणे झाले आहे आणि त्यांची संमती आहे.

ही ओढ मला याच नोकरीने लावली. कलम 101 च्या वसुली दाखल्यांच्या फायली घेऊन आपण मला सहायक निबंधक कार्यालयात पाठवत होता. एकदा सुनावणीला एक वयस्कर जामीनदार आले होते. नोटिशीची घडी त्यांनी टोपीत ठेवली होती. अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली, नोटीस वाचून दाखवली आणि कर्ज दुसऱ्याचे असले तरी त्यांच्या सहीचा अर्थ काय होतो, ते सोप्या शब्दांत समजावले. वसुली थांबली नाही, पण तो माणूस घाबरून गेला नाही. त्या खुर्चीवर बसण्याची पात्रता मिळवावी, असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. सहायक निबंधकाचे पद राज्यसेवेतूनही भरले जाते. वैकल्पिक विषयही मी वाणिज्य व लेखाशास्त्र घेत आहे. त्यामुळे इथे शिकलेले वाया जाणार नाही.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या रोखीत 500 रुपये कमी भरले होते. आपण रात्री नऊपर्यंत माझ्याबरोबर बसलात आणि पिग्मीची एकच स्लिप दोनदा नोंदली गेल्याचे शोधून दिलेत. पगारातून पैसे कापून मोकळे होता आले असते. ते आपण केले नाही, हे मी विसरलेलो नाही.

कामाच्या हस्तांतरणाबाबत : पिग्मी एजंटांचा हिशेब आणि रोजकीर्द कनिष्ठ लिपिकांना 8 जूनपासून शेजारी बसवून दाखवेन. सोनेतारण कर्जाच्या पाकिटांची मोजणी आपल्या आणि कॅशिअर मॅडमच्या समक्ष व्हावी व तशी नोंद रजिस्टरला घ्यावी, म्हणजे मागाहून कोणाला शंका राहणार नाही. वसुलीच्या चौदा फायलींच्या पुढील तारखा मी कव्हरवर लिहून ठेवल्या आहेत. मुदत ठेवींच्या तीन खात्यांवर वारसाची नोंद बाकी आहे. त्यांपैकी एक आजी बाजारच्या दिवशीच येतात आणि त्यांना अंगठा द्यावा लागतो. त्यांचा अर्ज मी स्वतः भरून घेईन. या महिन्यात रजा घेणार नाही.

माझ्या कर्मचारी कर्जाची 11,500 रुपये बाकी अखेरच्या पगारातून वळती करून घ्यावी. अनुभवाचा दाखला, नादेय दाखला आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख, एवढे मिळावे. माझी आवर्ती ठेव मात्र मी मोडणार नाही. उरलेले हप्ते वडील दर महिन्याच्या 5 तारखेला काउंटरवर भरतील.

जुलैत मी पुण्याला राहायला जात आहे. लेखापरीक्षणाच्या वेळी माझ्या काळातील एखादे व्हाउचर सापडले नाही, तर फोन करावा. गरज पडल्यास रविवारी येऊन शोधून देईन.

राजीनामा मंजूर करून तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,

(सही)
महेश दत्तात्रय गवळी
लिपिक, शाखा बार्शी

प्रत : मा. सचिव, मुख्य कार्यालय, माहितीसाठी.