आभाराचं भाषण, दुरुस्तीसह

चि. मानसी,

कातळशिल्पांवरच्या चर्चासत्रासाठीचं तुझं भाषण दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा घड्याळ लावून मोठ्याने. सात मिनिटं वीस सेकंद. समारोप साडेचारला उरकणार आणि सड्यावरच्या वाड्यांकडची एसटी राजापूरहून पाचला सुटते. शेवटची चार मिनिटं तू खुर्च्यांचे आभार मानशील.

आता क्रम. तू सुरुवात केलीस देणगीदारांपासून, मग संस्थेचे पाच पदाधिकारी, आणि सत्राच्या अध्यक्षांचा नंबर सातवा. प्रघात साधा आहे: आधी अध्यक्ष, मग बाहेरून आलेले वक्ते, मग घरचे. पदाधिकाऱ्यांची नावं पत्रिकेत छापली आहेत, पुन्हा वाचायची गरज नाही. सचिव रागावतील म्हणशील. त्यांना मी फोन केलाय, ते हसले.

गुरवकाकांना मात्र तू 'ज्ञात-अज्ञात हातां'त ढकललंस, हे मला लागलं. ते ना वक्ते ना पदाधिकारी, पण ज्या चित्रावर दिवसभर चर्चा, ते त्यांच्या कातळावर आहे. त्यांना वक्त्यांच्या लगेच मागे आणलंय. नाव घेतलेलं चालेल का, हे आधी त्यांना विचार.

राहिला मनापासूनपणा. 'अमूल्य वेळात वेळ काढून' हे दोन्ही वक्त्यांना लावलंयस. मी नावांची अदलाबदल करून पाहिली, भाषणात काही बिघडलं नाही. तिथेच कळलं. 'आभार न मानता ऋणातच राहू इच्छिते' हे वाक्य नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. असं म्हणून माणसं पुढे दहा मिनिटं आभारच मानतात. काढलं.

खालचा मसुदा तीन मिनिटांच्या आत बसतो. वक्त्यांविषयीची वाक्यं त्यांच्या गोषवाऱ्यांवरून लिहिली आहेत. ते आयत्या वेळी वेगळं बोलले तर तूही बदल. कागद हातात धर, पण काकांचा परिच्छेद तोंडपाठ कर.

— जोशी सर

अध्यक्ष परांजपे मॅडम, वक्ते, गावकरी मंडळी आणि मित्रहो,

परांजपे मॅडम, अध्यक्षांनी शेवटी चार शब्द बोलायचे, अशी आमची कल्पना होती. तुम्ही महिनाभर आधी सगळे गोषवारे मागवलेत आणि प्रत्येकाला दोन-दोन प्रश्न पाठवलेत. आजची चर्चा त्या प्रश्नांवर उभी राहिली. तुमचे मनापासून आभार.

देसाई सर, काशेळीचा कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. त्याच्या शेजारी उभं राहिलं तर रेघाच दिसतात, हत्ती दिसत नाही. तो कागदावर कसा उतरवायचा, हे तुम्ही आमच्या मुलांच्या हातात दोरी देऊन शिकवलंत. धन्यवाद.

साळवी मॅडम, २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. यादीत नाव आलं म्हणजे संरक्षण मिळालं असं नाही, हे तुम्ही आज स्पष्ट सांगितलंत. ऐकायला कडू होतं, पण ते सांगितल्याबद्दल आम्ही आभारी आहोत.

गुरवकाका, तुम्ही मागच्या रांगेत बसला असाल, तिथेच बसा, उठू नका. जांभ्याला भाव आला तेव्हा तुमच्याकडेही चिरेखाणीसाठी विचारणा झाली. तुम्ही नाही म्हणालात आणि चित्राभोवती स्वतः गडगा घातलात. आम्ही मोजमापाला आलो तेव्हा करवंदीची जाळी तोडून वाट करून दिलीत, वर ताक पाजलंत. तेव्हा तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. आज मानते.

दुपारची सोलकढी आणि कुळथाची पिठी करणाऱ्या बचत गटाच्या ताई, पहाटे सभागृह उघडणारे तांबेमामा, वक्त्यांचा प्रवासखर्च उचलणारे आपले माजी विद्यार्थी आणि आम्हाला हवा तो विषय घेऊ देणारी आपली संस्था, सगळ्यांचे आभार. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनो, तुम्ही भर उन्हात सडा मोजलात. तुमचे नकाशे बाहेर भिंतीवर लावलेत, जाताना प्रत्येकाने बघावेत.

चहा व्हरांड्यात तयार आहे. उद्या सड्यावर येणाऱ्यांनी सकाळी साडेसहाला एसटी स्टँडवर जमायचं. टोपी आणि पाणी आपापलं आणा, वर सावली नाही.

नमस्कार.