उंदराचा हिशेब

नमस्कार. पुढच्या आठवड्यात तुम्ही पहिल्यांदा प्राणीगृहात पाऊल टाकाल, त्याआधी प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या दोन्ही बाजू तुमच्यापुढे मांडायला मला बोलावलं आहे. आपल्या प्राणी नैतिकता समितीवर मी नऊ वर्षं होतो आणि आलेल्या बहुतेक अर्जांना होकार दिला. माझा कल कुठे असू शकतो ते लक्षात ठेवूनच ऐका.

टेबलावर ही बाटली आहे. सर्पदंशावरचं औषध, ए.एस.व्ही. एक मिलीलिटर औषध नाग आणि घोणस यांचं प्रत्येकी ०.६० मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरसं यांचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. आता हे ठरवतात कसं? घोड्यांना थोडं थोडं विष टोचत नेतात आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वेगळी काढतात. मग मोजलेल्या विषात हे औषध वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून उंदरांच्या गटांना टोचतात आणि किती जगले ते पाहतात. औषध कमी पडलेल्या गटातले उंदीर मरतात. ते अपघाताने मरत नाहीत. काही जगावेत आणि काही मरावेत, अशीच त्या चाचणीची रचना आहे.

समर्थक विचारतात, भातलावणीत एखाद्या बाईला पान लागलं आणि आरोग्य केंद्रात तिला टोचलेल्या बाटलीत दम नसेल, तर जबाबदार कोण? अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइड हे औषध एका विषारी द्रावकात विरघळवून विकलं गेलं. विक्रीआधी ते कुठल्याही प्राण्याला देऊन पाहिलं नव्हतं. शंभरावर माणसं दगावली, त्यांत लहान मुलंही होती. पुढच्याच वर्षी विक्रीआधी सुरक्षितता सिद्ध करण्याचा कायदा आला. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता लिहिली गेली. माणसावरच्या प्रयोगाला आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आधार असावा, असं तीही सांगते. ही अट घालणारे क्रूर नव्हते. छळछावण्यांतल्या कैद्यांवर काय झालं, ते त्यांनी नुकतंच ऐकलं होतं.

आता दुसरी बाजू. ती ‘बिचारा उंदीर’ एवढीच आहे, असं समजू नका. विरोधकांचा सगळ्यात अवघड प्रश्न असा आहे: उंदीर आपल्यासारखा असेल, तर त्याच्या वेदनाही आपल्यासारख्याच मोजा. नसेल, तर त्याच्यावरून काढलेल्या निष्कर्षाचा भरवसा काय? नऊ वर्षांत मला याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर सापडलेलं नाही. २००६ साली लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना एक नवं औषध दिलं. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकंच. काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले. आणि समजा निष्कर्ष अचूक निघाला, तरी नकार देऊ न शकणाऱ्या जिवाला आपल्या कामासाठी वापरायचा हक्क कुठून आला? फायदा मोठा आहे म्हणून? मग मोठ्या फायद्यासाठी अजाण बालकाला वापरायला आपण तयार होत नाही, ते का? विरोधक हे शांतपणे विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात.

थोडा कायदाही सांगतो. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख होते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या २०१४ पासून बंद आहेत. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ साली दुरुस्ती होऊन मानवी पेशींवरच्या आणि संगणकीय पद्धतींना वाट मिळाली.

म्हणजे पर्याय आलेच की, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर सर्पविषातल्या एका मोठ्या गटाच्या विषद्रव्यांवर प्रयोगशाळेतच एक प्रतिपिंड तयार केलं. ते संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झालं. ते शोधायला घोडा लागला नाही. पण ते जीव वाचवतं हे दाखवायला उंदीर लागलेच. समर्थक म्हणतील, बघा, सुटका नाही. विरोधक म्हणतील, बघा, घोडा तर सुटला, आता उंदराचं बघा. दोघांचंही वाचन मला प्रामाणिक वाटतं.

एक आठवण सांगतो. एका अर्जात साठ उंदीर मागितले होते. साठच का, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, मागच्या वेळी साठच होते.’ तो अर्ज आम्ही परत पाठवला. दुसऱ्या खेपेला संख्याशास्त्राचा हिशेब जोडलेला होता आणि आकडा होता छत्तीस. उरलेले चोवीस कुणाच्याच बाजूचे नव्हते. समर्थकाला त्यांचा उपयोग नव्हता आणि विरोधकाला ते मान्य असायचा प्रश्नच नव्हता.

आता प्रत्येकाच्या हातात एक अर्ज दिला आहे. नाव-गाव काढून टाकलंय. सांधेदुखीवरचं एक वनस्पतिजन्य औषध, अठ्ठेचाळीस उंदीर, पंजात सूज आणणारं इंजेक्शन, एकवीस दिवस. वेदनाशामक द्यायचं नाही, कारण त्याने निष्कर्ष बिघडतो, असं अर्जदार म्हणतो. या डावीकडच्या दोन रांगांनी अर्जाची बाजू घ्यायची, उजवीकडच्यांनी विरोध करायचा. वीस मिनिटांनी बाजू बदलायच्या. चला, सुरू करा.