मराठी डेस्कच्या स्क्रिप्टमधील अभिवादन : शब्द आणि सूर यांच्या दुरुस्त्या

प्रति, मराठी डेस्कचे सर्व टीम लीडर, ट्रेनर आणि कॉल घेणारे सहकारी, विजयनगर कार्यालय, इंदूर.

वॉटर प्युरिफायरच्या तक्रारी आणि सर्व्हिसिंग यांसाठी आपण महाराष्ट्रातून येणारे जे कॉल घेतो, त्यांच्या अभिवादनाच्या स्क्रिप्टमध्ये खालील दुरुस्त्या येत्या सोमवारच्या पहिल्या शिफ्टपासून लागू होत आहेत. स्क्रिप्टचे बाकीचे भाग, म्हणजे बिघाड विचारण्याचा क्रम, सुटे भाग आणि शुल्क, सध्या आहेत तसेच राहतील.

जुनी स्क्रिप्ट आधी हिंदीत लिहिली गेली आणि मग तिच्यावर मराठी प्रत्यय चढवले गेले, हे पहिल्याच ओळीत कळते. ती ओळ अशी आहे : “नमस्कार, जलशुद्धीकरण यंत्र ग्राहक सेवा केंद्रमध्ये आपले हार्दिक स्वागत आहे. मी स्नेहल, मी आपली काय सहाय्यता करू शकते? आपल्याला सूचित केले जाते की हा कॉल गुणवत्ता आणि प्रशिक्षणच्या उद्देशाने रेकॉर्ड केला जात आहे.” सांगलीत किंवा नाशकात घरातले पाणी बंद पडले म्हणून फोन करणाऱ्या माणसाला हार्दिक स्वागत नको असते, त्याला फोन योग्य जागी लागला आहे की नाही, एवढे आधी कळायला हवे असते. शिवाय “काय सहाय्यता करू शकते?” असा प्रश्न विचारून लगेच रेकॉर्डिंगची सूचना सुरू केली, की ग्राहक उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि आपण त्याच्या बोलण्यावर बोलत राहतो. ऐकलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पहिली चिडचिड बहुतेक वेळा इथेच ऐकू येते.

नवी ओळ अशी राहील : “नमस्कार, वॉटर प्युरिफायर ग्राहक सेवा. मी स्नेहल बोलतेय. सेवेचा दर्जा तपासता यावा म्हणून आपलं हे बोलणं रेकॉर्ड होतं. बोला, काय मदत करू?” पुरुष सहकाऱ्यांनी “मी निखिल बोलतोय” असे स्वतःच्या नावाने म्हणावे. रेकॉर्डिंगची सूचना प्रश्नाच्या आधी आली आहे, म्हणजे ग्राहक काही सांगू लागण्यापूर्वीच ती त्याच्या कानावर पडते. प्रश्न सर्वांत शेवटी आहे आणि त्यानंतर आपण थांबायचे आहे. “बोलणं”, “आपलं”, “दोन मिनिटं” हे शब्द मुद्दाम अनुस्वाराने लिहिले आहेत, कारण स्क्रिप्ट ही वाचण्यासाठी नसून बोलण्यासाठी आहे; “बोलणे” असे छापले तर नवा सहकारी तेच ठासून उच्चारतो आणि शाळेतला धडा वाचल्यासारखे वाटते. “बोला” हा शब्द मात्र जपून उच्चारावा. आवाज खाली सोडून म्हटलेला “बोला” दुकानाच्या गल्ल्यावरून आल्यासारखा लागतो. तोच किंचित वर उचलून, पुढच्या “काय मदत करू”ला जोडून म्हटला, तर आपुलकीचा वाटतो.

आता “आपण” आणि “तुम्ही” यांबद्दल. जुन्या स्क्रिप्टमध्ये सर्वत्र “आपण” आहे, कारण हिंदीतल्या “आप”साठी तोच शब्द जवळचा वाटला. मराठीत “आपण” आदरार्थी आहे हे खरे, परंतु तो बोलणारा आणि ऐकणारा अशा दोघांनाही मिळून लागतो, आणि फोनवर चेहरा दिसत नसल्यामुळे हा घोळ वाढतो. “आपण उद्या टाकी रिकामी करून ठेवू” हे वाक्य ऐकून एका ग्राहकाने टाकी तशीच भरलेली ठेवली, कारण ती रिकामी करायला आपला माणूस येणार असे त्याने गृहीत धरले होते. त्याची काहीच चूक नव्हती. म्हणून ग्राहकासाठी “तुम्ही”, कंपनीसाठी “आम्ही”, आणि खरोखरच दोघांचे मिळून जे असेल त्याच्यासाठीच “आपण”, असा नियम धरावा. वरच्या ओळीत “आपलं हे बोलणं” टिकवले आहे ते याच कारणाने, कारण ते बोलणे दोघांचेही आहे. “तुम्ही” म्हटल्याने मान कमी होतो ही भीती आपल्याकडे, इंदुरात, विशेष आहे, कारण दिवसभर कानावर “आप” पडत असते. महाराष्ट्रातला ग्राहक मात्र परक्या माणसाकडून “तुम्ही”चीच अपेक्षा ठेवतो. समोरून वयस्कर बाई “अगं बाळा” म्हणाल्या, तरी आपले “तुम्ही” बदलू नये. काकू, मावशी, आंटी अशी नातीही आपल्या बाजूने जोडू नयेत.

दोन्ही भाषांत दिसायला सारखे असून अर्थाने वेगळे असलेले शब्द हा सर्वांत धोक्याचा भाग आहे आणि यात कोणालाही सूट नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये “आम्ही आपली समस्या लवकर सोडवण्याची चेष्टा करू” असे वाक्य होते. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. चार दिवस पाणी विकत आणणाऱ्या माणसाला आम्ही तुमची थट्टा करू असे सांगितल्यासारखे ते झाले. त्याऐवजी “आम्ही लवकरात लवकर दुरुस्त करून द्यायचा प्रयत्न करतो” असे म्हणावे. “रेकॉर्डिंगबद्दल आपल्याला काही आपत्ती आहे का?” याच्या जागी “तुमची काही हरकत नाही ना?” असे येईल, कारण मराठीत आपत्ती पुराची किंवा भूकंपाची असते. “यातायातमुळे तंत्रज्ञाला उशीर होत आहे” हे वाक्य काढून टाकले आहे, कारण मराठीत यातायात म्हणजे खटाटोप. रस्त्यावरच्या वाहनांना आपण ट्रॅफिकच म्हणतो आणि तोच शब्द वापरावा. “सूचित करणे” मराठीत आडून सुचवण्याला म्हणतात, तेव्हा त्याच्या जागी “कळवणे” किंवा सरळ “सांगणे” घ्यावे. याच ओघात “तक्रार दर्ज केली” हे “तक्रार नोंदवली” होईल, “सहयोगसाठी धन्यवाद” हे “सहकार्याबद्दल धन्यवाद” होईल आणि “असुविधासाठी खेद आहे” याऐवजी “तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत” असे म्हणायचे आहे. “ग्राहक सेवा केंद्रमध्ये” आणि “प्रशिक्षणच्या” यांसारखी सामान्यरूप न केलेली रूपे कोठेही राहता कामा नयेत. ती “केंद्रामध्ये” आणि “प्रशिक्षणाच्या” अशीच लिहावीत.

हे सारे लिहिताना आपल्या घरच्या बोलीला नावे ठेवण्याचा हेतू नाही. होळकरांच्या काळापासून इथे वसलेल्या घरांतील मराठी हिंदीच्या शेजारात वाढली आणि तिच्यात तिचा गोडवा आहे. मी स्वतः घरी “येऊन राहिलो आहे” असेच म्हणतो आणि नागपूरकडच्या ग्राहकाला ते खटकतही नाही. परंतु हाच कॉल रत्नागिरीलाही जातो, म्हणून स्क्रिप्टमध्ये “येतोय” ठेवले आहे. उच्चारात एका गोष्टीकडे लक्ष द्यावे : “वेळ”, “सकाळ” आणि “कळवतो” यांतला ळ हिंदीच्या सवयीने ल होतो. “सकाली वेल कलवतो” असे ऐकल्यावर समोरचा माणूस “तुम्ही मराठीच ना?” असे विचारतो, आणि मग दोन मिनिटे त्याच विषयात जातात.

नावामागे “जी” लावू नये. “कुलकर्णीजी” हे मराठी कानाला नेत्याच्या भाषणातले वाटते. “कुलकर्णी साहेब” किंवा “कुलकर्णी मॅडम” म्हणावे. ग्राहक बोलत असताना मध्येमध्ये दाद देण्यासाठीसुद्धा “जी, जी” याऐवजी “हो”, “बरं”, “लक्षात आलं” वापरावे. विदर्भातला ग्राहक स्वतः “हो जी” म्हणत असेल, तर त्याला त्याचे म्हणू द्यावे. कोणी “राम राम” म्हणून सुरुवात केली, तर “राम राम, बोला” असे उत्तर द्यावे. पक्षाची किंवा चळवळीची ओळख असलेले अभिवादन आपल्या बाजूने करू नये.

आपण लावलेल्या कॉलची सुरुवात वेगळी असते. “माझी बात कुलकर्णीजींशी होत आहे का?” याच्या जागी “नमस्कार, रमेश कुलकर्णी यांच्याशी बोलायचं होतं” असे म्हणावे. फोन दुसऱ्याच कोणी उचलला असेल, तर बिघाड, थकलेली रक्कम किंवा तक्रारीचा क्रमांक यांतले काहीही त्यांना सांगू नये, “ते केव्हा भेटतील?” एवढेच विचारावे. स्वतः ग्राहक असतील तर “वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसिंगबद्दल फोन केलाय, दोन मिनिटं बोलता येईल का?” असे विचारून उत्तराची वाट पाहावी. “नाही” आले तर सोयीची वेळ विचारून कॉल संपवावा. या कॉलमध्ये वार्षिक कराराची विक्री करू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमावलीने सेवेचा कॉल आणि जाहिरातीचा कॉल यांत फरक केला आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी, फिल्टरची चौकशी म्हणून सुरू झालेला फोन विक्रीकडे वळला की पुढच्या खऱ्या सेवेच्या फोनवरचाही विश्वास उडतो.

लाइन थांबवताना “कृपया होल्डवर राहा” असा हुकूम नको. “नोंद बघून सांगतो, दोन मिनिटं थांबता का?” असे विचारावे आणि परत आल्यावर “थांबल्याबद्दल धन्यवाद” म्हणून लगेच मुद्द्यावर यावे. “आपल्या मूल्यवान वेळेसाठी” हे शब्द काढले आहेत.

सणांच्या शुभेच्छा अभिवादनात घालण्याची सूचना गेल्या वर्षी आली होती. ती मी स्वीकारलेली नाही. गणपतीच्या दिवशी नैवेद्याच्या वेळी प्युरिफायर बंद पडलेल्या घरातून फोन येतो तेव्हा “गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा” ही ओळ ऐकून त्या घरातल्या बाईंना काय वाटेल, ते वेगळे सांगायला नको. ग्राहकाने आपण होऊन शुभेच्छा दिल्या, तर “तुम्हालाही” म्हणावे.

कॉल संपवताना “आपण आमच्या सेवेने संतुष्ट आहात का? आपला दिवस शुभ असो” हे दोन्ही वगळले आहे, समाधान विचारणारा संदेश फोनवर वेगळा जातोच. शेवटची ओळ अशी राहील : “उद्या सकाळी दहा ते बारात माणूस येईल, निघण्याआधी तो फोन करेल. अजून काही विचारायचं आहे का? बरं, ठेवतो. नमस्कार.” वेळ सांगताना “परवा” हा शब्द टाळावा, कारण तो मागच्या दिवसालाही लागतो आणि पुढच्याही, वार आणि तारीख दोन्ही सांगावीत. फोन आधी ग्राहकाने ठेवावा.

शनिवारी दुपारी तीन वाजता ट्रेनिंग रूममध्ये प्रत्येकाने नवी ओळ आपल्या आवाजात दोनदा म्हणून दाखवायची आहे. पाठ झाली आहे का हे न पाहता, प्रश्नानंतर थांबता येते का, हे पाहिले जाईल. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेले जुने पिवळे कागद त्याच दिवशी काढून टीम लीडरकडे द्यावेत.

– भाषा व गुणवत्ता तपासणी, मराठी डेस्क