औषधमात्रेची गणिते: सराव

गणित १. डिगॉक्सिन ०.१२५ मिग्रॅ तोंडाने द्यायचे आहे. गोळी २५० मायक्रोग्रॅमची आहे. किती गोळ्या द्याल?

आधी एकके सारखी करा, भागाकार नंतर. १ मिग्रॅ = १००० मायक्रोग्रॅम.
०.१२५ × १००० = १२५ मायक्रोग्रॅम
१२५ ÷ २५० = ०.५, म्हणजे अर्धी गोळी.
पडताळा: ०.५ × २५० = १२५ मायक्रोग्रॅम = ०.१२५ मिग्रॅ. जुळले.

दशांश चिन्ह एक घर सरकले, तर उत्तर पाच गोळ्या येते. एका मात्रेसाठी इतक्या गोळ्या दिसल्या की हात थांबलाच पाहिजे. एकके पुन्हा तपासा. ‘.१२५’ असे कधीच लिहू नका, दशांश चिन्हाआधीचे शून्य हवेच.

गणित २. बाळाचे वजन १२ किलो. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ. सिरप: ५ मिलीत १२० मिग्रॅ.

१२ × १५ = १८० मिग्रॅ
१८० ÷ १२० × ५ = ७.५ मिली
पडताळा: १ मिलीत २४ मिग्रॅ, ७.५ × २४ = १८०.

गणित ३. ५०० मिली सलाईन ४ तासांत. सेट २० थेंब प्रति मिली.

४ तास = २४० मिनिटे
५०० × २० ÷ २४० = ४१.६७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब.
पडताळा: ४२ × २४० ÷ २० = ५०४ मिली. थेंब पूर्णांकात धरल्याने ४ मिली जास्त, चालेल.